जन्मतारखेत अडकलेले प्राचार्य

वर्तमानपत्राच्या डेस्कवर एक सवय लागते. बातमी समोर आली की तिची जागा ठरवायची: पहिले पान, आतले पान किंवा टोपली. नांदेडच्या ज्या लहान कार्यालयात पुढे मला काम मिळाले, तिथे हीच सवय उपयोगी पडली. तिथे दिव्यांगांना वेबसाइट वापरता येते का, हे ठरलेल्या निकषांवर तपासले जाई. निकष मोडलेला दिसला की नोंद व्हायची आणि त्यामुळे वापरणाऱ्याचे किती अडते यावरून तिला दर्जा मिळायचा: किरकोळ, मध्यम, गंभीर किंवा अडथळा. काम पुढे सरकूच शकत नसेल, तर तो अडथळा.

तपासणीत माझा जोडीदार पूर्ण अंध होता. घराणे नांदेडचे, वडिलांचे अत्तराचे दुकान. कार्यालयात सगळे त्याला भाई म्हणत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो इतक्या वेगाने लावी की ऐकणाऱ्याला पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखे वाटे. नम्रतेशी त्याचा संबंध नव्हता. "माझ्यासारखा टेस्टर मराठवाड्यात दुसरा न्हाई," असे तो नव्या ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगे.

लातूरच्या एका महाविद्यालयाचे काम आले ते रेणापूरच्या एका मुलीमुळे. ती जन्मापासून अंध. आदल्या वर्षी तिचा प्रवेश अर्ज नेट कॅफेवाल्याने भरला होता. तिने इतिहास सांगितला. त्याने गृहविज्ञान निवडले, मुलीच्या जातीला तेच बरे म्हणून. चूक उघड होईपर्यंत मुदत संपली आणि तिचे वर्ष गेले. यंदा अर्ज स्वतःच्या हाताने भरायचा असे तिने ठरवले आणि भरता येईल का हे विचारायला महाविद्यालयात इतके फोन केले की प्राचार्यांनी तपासणीच लावली. वर लेखी अट घातली: अहवालात एकही अडथळा असेल तर वेबसाइटवरचा अर्ज उघडायचा नाही.

अडथळा निघाला. बाकी साइट बरी होती, पण अर्जातल्या जन्मतारखेच्या रकान्यात टाइप करता येत नव्हते. तिथे टॅब दाबून पोचले की कॅलेंडर उघडे आणि मग टॅब त्या महिन्याच्या तारखांमध्येच फिरत राही. एस्केप दाबून ते बंद होत नसे. माउसवाला बाहेर टिचकी मारून सुटे. अंध माणूस माउस वापरत नाही, सगळे काम कीबोर्डवर करतो; तो आत गेला की आतच.

अहवाल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या संगणक विभागाच्या सरांचा फोन आला. अर्ज उघडण्याची तारीख जाहीर झाली होती.

"बाकी सगळं पास हाय ना? मग एका चुकीसाठी नापास कसं करून राहिले तुम्ही?"

"टक्के नसतात सर," भाई म्हणाला. "पूल सगळा मजबूत हाय, मधला एक गाळा न्हाई. गाडी जाईल का?"

"अहो, तसे विद्यार्थी असून असून किती? गंभीर करा. पाहिजे तर दोन मध्यम वाढवून घ्या."

"सर, हे मोंढ्यातलं धान्याचं वजन न्हाई, कमीजास्त करायला."

"ग्रेस मार्काची काही सोय?"

भाईने फोन माझ्या हातात दिला. ग्रेस नसल्याचे मी सांगितले. तेव्हा सरांनी लातूरच्या रिवाजाप्रमाणे पुढचे पाऊल टाकले. या गावात मिळालेल्या गुणांवर कोणी एका फटक्यात समाधान मानत नाही. संध्याकाळी प्राचार्यांच्या सहीचा अर्ज आला: अहवालाचे पुनर्मूल्यांकन व्हावे, आमच्या समक्ष.

आम्ही एसटीने लातूरला गेलो. प्राचार्यांच्या दालनात परीक्षेची मांडणी होती. टेबलावर एकच संगणक, बाजूला पाण्याचा तांब्या. माउस काढून शिपायाकडे दिलेला. परीक्षार्थी खुद्द प्राचार्य. पडदा दिसत असताना फक्त कीबोर्डवर आपल्याला अर्ज भरता आला, तर अडथळा हा शब्द मागे घ्यावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. भाईने तो लगेच मान्य केला. "पडदा दिसू द्या. सवलत समजा," म्हणाला.

नाव, आडनाव, पत्ता ठीक गेले. प्राचार्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलेही. मग जन्मतारीख आली. कॅलेंडर चालू महिन्याचे उघडले. त्यांनी टॅब दाबला, एक तारीख. पुन्हा दाबला, दोन तारीख. तिसावर पोचून ते परत एकवर आणि तिथून आजच्या तारखेवर आले. एस्केप दाबले, एंटर दाबले. एंटरने आजची तारीख निवडली गेली आणि कॅलेंडर तसेच उघडे राहिले.

"काय झालं?" भाईने विचारले.

"सर आज जन्मले," संगणकाचे सर हळूच म्हणाले.

"मुबारक हो," भाई म्हणाला. "आता बाहेर या सर."

प्राचार्यांनी आणखी दोन फेऱ्या मारल्या. मग शिपायाकडे हात केला. शिपाई माउस घेऊन निघाला तर तेच म्हणाले, "नको. नियम म्हणजे नियम." नंतर त्यांनी संगणकाच्या सरांना विचारले, "त्या रेणापूरच्या मुलीनं हे कसं भरायचं होतं?"

"कुणाला तरी सोबत आणून, सर."

"गेल्या वर्षी आणलंच होतं की."

अडथळा कायम राहिला. अर्ज ठरल्या दिवशी उघडणार नाही, तारीख टाइप करता येईल अशी दुरुस्ती आधी होईल, असे प्राचार्यांनी जागेवरच सांगितले. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. त्यांनी अहवाल पहिल्यापासून वाचायला घेतला आणि एका ओळीवर थांबले.

"मुखपृष्ठावरचा माझा फोटो. फोटोचं वर्णन करणारा पर्यायी मजकूर नाही, अंध व्यक्तीला फक्त फाइलचं नाव ऐकू येतं. आणि दर्जा किरकोळ?"

"हाव सर."

"दोन्ही निकष एकाच पातळीचे, सारखेच सक्तीचे. हा आणि तो कॅलेंडरचा. तुम्हीच लिहिलंय."

"निकषाची पातळी एकच हाय," भाई म्हणाला. "पण तुमचा फोटो न्हाई दिसला म्हणून कुणाचं काय अडतंय? तुमचा संदेश खाली लिहिलेला हाय, तो वाचता येतो. अर्ज भरता येतो."

"म्हणजे प्राचार्य कोण आहेत हे विद्यार्थ्याला कळलं नाही तरी चालेल?"

"लई जणांना न्हाई कळत, सर. पास होतात."

प्राचार्यांनी किमान मध्यमची मागणी केली. भाई हलला नाही. चहा आला, गेला. परतीच्या गाडीत भाई म्हणाला की दर्जा वाढवून मागणारा ग्राहक त्याने पहिल्यांदाच पाहिला.

दुरुस्ती झाली. फेरतपासणीत भाईने जन्मतारीख टाइप करून पुढच्या रकान्यात उडी मारली आणि अडथळ्याची नोंद बंद झाली. अर्ज उशिरा का होईना, उघडला. त्यानंतर रेणापूरहून कार्यालयात फोन आला. नंबर तिने महाविद्यालयातून मिळवला होता.

"भरला अर्ज. माझा मीच. इतिहास घेतला," मुलगी म्हणाली. भाई खुर्चीत मागे रेलला. कौतुक ऐकायची त्याची तयारी झाली होती. "पण एक तक्रार हाय," ती पुढे म्हणाली. "अर्जाचं प्रत्येक पान उघडलं की आधी एक माणूस सुरू होतो. 'निळ्या सुटातले, प्रसन्न मुद्रेचे, एम.ए., एम.फिल., पीएच.डी., अनेक समित्यांचे सदस्य...' लई वेळ चालतंय. कोण हायेत हे?"

फेरतपासणी झाल्यावर प्राचार्यांनी आपला फोटो अर्जाच्या प्रत्येक पानावर लावून घेतला होता. पर्यायी मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता.

निकष मोडला नव्हता. मजकूर होता, गरजेपेक्षा जास्तच होता. काम अडत नव्हते, कान मात्र किटत होते. तो मजकूर एका ओळीत आणावा अशी शिफारस मी लिहिली आणि परिणाम किरकोळ नोंदवला. भाईने एकदा ऐकून मान डोलावली. अहवाल लातूरला गेला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या सहीचा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आला: आमच्या फोटोचा परिणाम किरकोळ कसा?