मराठीचा नंबर

नंबरकाकांचं खरं नाव त्यांच्या वीजबिलावर होतं. बाकी सगळ्यांसाठी ते नंबरकाकाच. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी उभा जन्म नंबर वाटले. पत्र्याचा बिल्ला हातात द्यायचा आणि बाकाकडे बोट दाखवायचं. कुणी "दोनच मिनिटांचं काम आहे हो" म्हणालं, की काका म्हणायचे, "मग दोन मिनिटं कमी बसावं लागेल, बसा." ओळखपाळख, वशिला, गोडगोड बोलणं, काही म्हणजे काही चालायचं नाही. नाही म्हणायला, रक्त वाहत असलं किंवा ताप फणफणलेला असला तर काका स्वतः उठून दार उघडायचे. पण तो ताप काकांच्या हाताला लागला पाहिजे!

आता काका घरी एकटे. मुलगी परगावी नोकरीला, दोन वर्षांत येणं झालं नव्हतं. बाबांचा चेहरा तरी दिसावा म्हणून तिने नवा फोन पाठवला. दुकानदाराने मराठी लावून दिली होती. काकांनी पहिल्याच दिवशी आत खोदकाम केलं आणि भाषांच्या यादीतून मराठीच उडवून टाकली. फोन झाला इंग्रजी. मुलीने व्हिडिओ कॉल केला, की फोन काहीतरी इंग्रजीत विचारायचा. न वाचता कशालाही हो म्हणायचं नाही हा काकांचा बाणा. ते सरळ बंद करायचे.

"कॅमेऱ्याची परवानगी मागतोय बाबा, द्या ना," मुलगी म्हणाली.

"काय लिहिलंय ते मला कळल्याशिवाय नाही. त्यापेक्षा संध्याकाळी दुकानात परत देतो. माझा बटणांचा डबा बरा."

फोन परत गेला की बाबा पुन्हा नुसता आवाज होणार. बरं, ती ऑफिसात; तिने घाईघाईने मेसेज टाकला: "बाबा, दात्यांच्या चाकाचं चित्र दाबा. अगदी तळाशी जा, गोलात उभी काठी आणि वर ठिपका आहे, ते दाबा. मग पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र. मग सगळ्यात वरची ओळ. मग अधिकचं चिन्ह. भाषांच्या यादीत मराठी मराठीतच लिहिलेली आहे, ती दाबा. की आली यादीत."

मेसेज मराठीत, त्यामुळे वाचायची अडचण नव्हती. काकांनी तो वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर उतरवून घेतला, चष्मा पुसला आणि एकेक पायरी उतरत गेले. कुठे अडले नाहीत. मराठी यादीत आली. काकांनी फोन टेबलावर ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसले.

जेवणाच्या सुट्टीत मुलीचा फोन आला. "झालं का?"

"नंबर लागलाय. दुसरा."

"म्हणजे?"

"एक नंबरला इंग्रजी आहे. तिचं आटोपलं की मराठी. मी बसलोय."

मुलीने कपाळावर हात मारला. चूक तिचीच, शेवटची पायरी लिहायची राहिली होती. "अहो बाबा, ती आपोआप आत जात नाही. तिच्या ओळीच्या टोकाला दोन आडव्या रेघा आहेत. त्यांवर बोट दाबून धरायचं आणि तिला इंग्रजीच्या वर ओढायचं."

मग काका म्हणाले, "म्हणजे घुसवायची?"

"बाबा!"

"ती आधीपासून बसली आहे, हिला मी आत्ता बिल्ला दिला. तुला तरी कधी मधे घेतलं होतं का मी?"

नव्हतंच घेतलं. शाळेतून तापाने लाल होऊन आलेल्या मुलीलाही त्यांनी शेवटचा बिल्ला दिला होता. बाकीच्यांच्या कपाळाला हात लावून बघणारा माणूस. पोटच्या पोरीच्या कपाळाला मात्र लावला नाही, लोक काय म्हणतील म्हणून. ती बाकावर कुडकुडत बसून राहिली. याबद्दल घरात कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आताही तिने वाद घातला नाही. फोन ठेवला आणि दुसरा मेसेज पाठवला. एवढाच: "बाबा, मराठीला ताप आहे. हात लावून बघा."

काकांनी तो वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून डोळे पुसले आणि यादी उघडली. दोन रेघांवर बोट ठेवलं, जरा वेळ तसंच राहू दिलं, मग मराठीला अलगद वर ओढून इंग्रजीच्या डोक्यावर आणून बसवलं. सगळा फोन मराठी झाला.

त्यांनी स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. फोनने प्रश्न विचारला. काकांनी तो शेवटपर्यंत वाचला, मग परवानगी दिली. मुलगी दिसली, चष्म्यातली, थोडी वाळलेली. तिलाही पांढरी दाढी वाढलेले बाबा दिसले.

"दाढी करा," ती म्हणाली.

"करतो. तू आधी एक कर." काकांनी घसा खाकरला. "मेसेजच्या यादीत तुझं नाव फार खाली जातं. दुकानाच्या जाहिराती, शेजाऱ्यांच्या शुभ सकाळी, सगळे तुझ्यावर येऊन बसतात. तुला कायम वर ठेवता येतं का?"

"येतं की बाबा."

"मग कसं ओढायचं ते लिहून पाठव," काका म्हणाले. "या वेळी शेवटची पायरी विसरू नको."