इंदुमती पोपट म्हात्रे, हेच नाव

इंदुबाईंनी पाटी डोक्यावर घेऊन धरमतरच्या खाडीकाठावरून सुकी मासळी विकली, तेव्हा कुठे पेणच्या बाजारात त्यांचा गाळा उभा राहिला. नवरा गेल्यावरही तो बंद पडला नाही. क्यूआर कोड मात्र भाच्यानं, आदर्शनं आणून लावला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘स्कॅन करा, पैसे पाठवा, स्क्रीनशॉट दाखवा.’ गिऱ्हाईक मोबाईल पुढे करायचं, हिरवी खूण दिसली की इंदुबाई मान डोलवायच्या. दिवसाचे पैसे ‘तुझ्या खात्यातून काढून आणले’ म्हणत आदर्श संध्याकाळी आणून द्यायचा.

एकदा डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर जाणारी सरू बोंबील घ्यायला आली. स्कॅन करून थबकली.

"इंदुबाई, हितं आदर्श घरत असं नाव येतंय. पैसं तुमाला का त्याला?"

इंदुबाईंच्या हातातला तराजू तसाच राहिला. "माज्याच खात्याचा हाय म्हणाला होता गो!"

"मग नाव त्याचं का येतंय? आनि ह्यो स्क्रीनशॉट बघून तुमाला काय कळनार? पैसं कुनाला तरी गेलं, येवढंच. कोनी कालचाच दाखवला तर?"

संध्याकाळी आदर्श आल्यावर त्यांनी नावाचं विचारलं, तर तो उलट हसला. "आत्या, नाव कोण बघतं?"

त्या हसण्यानं त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ऊन माझं, वास माझा, गिऱ्हाईक माझं, आणि नाव याचं! रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी रोह्याजवळच्या वरसे गावाहून लेक मृणालीला बोलावलं आणि दोघी बँकेत गेल्या. इंदुबाईंच्या खात्याला त्यांचाच मोबाईल नंबर जोडलेला होता, म्हणून नवा कोड मिळाला. पैसे जमा झाले की बोलणारी पेटीही आली.

जुना कोड त्यांनी स्वतःच्या नखांनी खरवडून काढला. मग नवा कोड लावला आणि फलकावर काय लिहायचं ते मृणालीला सांगत गेल्या, ती लिहीत गेली. पहिल्यांदा तिनं ‘इंदुबाई’ लिहिलं.

"ते नको. बँकेत हाय तेच फोनवर येतंय, तेच लिव."

फलक असा झाला:

‘स्कॅन केल्यावर इंदुमती पोपट म्हात्रे हे नाव आलं तरच पैसे पाठवा. दुसरं नाव आलं तर थांबा, आम्हाला सांगा. स्क्रीनशॉट चालणार नाही. आमच्या पेटीनं रक्कम सांगितली किंवा आमच्या फोनवर जमा दिसली की माल न्या.’

सरूनं पहिल्यांदा स्कॅन केलं, नाव मोठ्यानं वाचलं, मग पिन टाकला. पेटी बोलली.

आदर्श तणतणत आला. "आत्या, चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!"

"तुजं नाव लिवलंय का कुठं? वाच. माजंच हाय." इंदुबाईंचा आवाज चढला. "आनि ह्या गाळ्यात तुज्या फोनचं काम संपलं. जा."

मासळी घ्यायला आलेली माणसं बाजूला सरकली आणि त्यानं वाट धरली. इंदुबाईंनी तराजू उचलला आणि पुढच्या गिऱ्हाईकाची मासळी बरोबर तोलली.