लिमये सरांचं फणसाचं पुस्तक

लिमये सर रत्नागिरीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात आले ते गेलेल्या बायकोच्या, शालिनीताईंच्या, फणसाच्या पाककृती घेऊन. वर्डमध्ये सगळं सरांनीच टाइप केलेलं. मोबाइलवर वाचायला त्याचं ईपब, म्हणजे ई-पुस्तक, हवं होतं. अनुक्रमणिकेत टिंबं टिंबं देऊन पानांचे आकडे घातलेले. मी चिडलेच.

“सर, मोबाइलवर अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. हे आकडे कुणाच्या कामाचे? आणि शीर्षकं नुसती ठळक केलीत, हेडिंग स्टाइल कुठाय?”

निवृत्त मास्तर माझ्या संगणकासमोर बसले आणि त्यांनी एकेचाळीस पाककृतींच्या नावांना एकेक करून हेडिंग लावलं. त्यावरून मी लिंकवाली अनुक्रमणिका करून घेतली, मुखपृष्ठ जोडलं, फाइल त्यांच्या मोबाइलवर पाठवली. लेखक म्हणून दिसलं ‘दत्तात्रेय लिमये’. वर्डच्या फाइलमध्ये संगणकाच्या मालकाचं नाव आपोआप पडलं होतं, तेच इकडे आलं.

“छे! लेखिका ती,” सर ओरडले.

मी मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीत, नाव बदलून फाइल पुन्हा पाठवली. ‘शालिनी लिमये’ वाचून त्यांनी मोठा श्वास सोडला. मग अनुक्रमणिकेत ‘सांदणं’वर बोट टेकवलं, तशी पाककृती उघडली.

“चाळीस वर्षं मला स्वयंपाकघरात मिठाचा डबासुद्धा सापडला नाही,” सर हसले. “दर वेळी तिलाच हाक मारायचो. आज हाक न मारता सापडलं.”