नव्वद हजारांचं दुसरं पान

हिंगोलीबाहेरच्या एका हळद प्रक्रिया कारखान्यात मी पगारपत्रकं करतो. हे काम करायला लागून आता सोळा वर्षं झाली. कोणाच्या हातात किती पडतात हे त्या माणसाच्या बायकोआधी मला कळतं. म्हणूनच मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं मला म्हणता येत नाही.

माझा एक मित्र होता. आम्ही दोघं कुरुंद्याचे, एकाच वस्तीतले. विहारासमोरच्या ओट्यावर एका कंदिलाशी बसून आम्ही दहावीचा अभ्यास केला. पुढे तो अन्नप्रक्रियेचं शिकला, मी कॉमर्स केलं. तो नांदेडला एका मसाला कंपनीत लागला आणि हळूहळू चढत उत्पादन पाहणारा मोठा माणूस झाला. वस्तीत जयंतीची वर्गणी गोळा करताना त्याचं नाव यादीत वर असायचं. मला त्याचा अभिमान होता. थोडा हेवाही होता, तो आत्ता लिहिताना लपवत नाही.

आमच्या मालकांना तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजर हवा होता. आधीचा अचानक सोडून गेलेला, आणि नवी हळद यायला सुरुवात झालेली. मीच मित्राचं नाव सुचवलं. मालकांनी त्याला भेटून घेतलं, तो त्यांना पसंत पडला आणि आकडा ठरला : वर्षाला दहा लाख ऐंशी हजारांचं पॅकेज. पत्र मीच टाइप केलं. पहिल्या पानावर तो आकडा होता आणि दुसऱ्या पानावर त्याची फोड. मालक म्हणाले की सध्या पहिलं पान द्या, दुसऱ्यावर जॉइन होताना सही घेऊ. हे आमच्याकडे नेहमीचंच होतं. मी दुसरं पान बॅगेत टाकलं.

पत्र द्यायला मी वारंगा फाट्यावर गेलो. तो नांदेडहून आला. एका हॉटेलात चहा घेत त्याने ते पान दोनदा वाचलं आणि बाराने भागलं. नव्वद हजार. मग तो पोरीबद्दल बोलायला लागला. तिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता, खाजगी कॉलेज, बाहेरगावी. पहिल्या वर्षाची फी त्याने पीएफमधून शिक्षणासाठी जेवढे काढता येतात तेवढे काढून आणि साठवलेले घालून भरली होती. पुढच्या वर्षीचे सव्वातीन लाख कसे उभे करायचे याची त्याला काळजी होती. नांदेडला त्याच्या हातात एकसष्ट हजार पडायचे, आणि सासऱ्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचा म्हणून भाडं नव्हतं. इकडे आला तर भाडं देऊनही दरमहा वीसेक हजार वर राहतील, कमी पडतील ते उसने घेऊन फेडता येतील आणि पोरीचं निभेल, असा त्याचा हिशेब होता.

मग त्याने मला विचारलं.

"तू पगाराचं काम करतूस. खरं सांग, हातात किती पडतील?"

दुसरं पान माझ्या बॅगेत होतं. बॅग माझ्या मांडीवर होती. आणि मी म्हणालो, "थोडंफार कटतंच. ऐंशी-पंच्याऐंशी धरून चाल."

का म्हणालो? मालकांनी सांगितलं होतं म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की तो यावा असं मला वाटत होतं. इतक्या वर्षांनी आपला माणूस आपल्या कंपनीत, तोही मी आणलेला. आकडा सांगितला तर तो उठून जाईल हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण कंदिलाशी बसून आम्ही एकमेकांना कधी चुकीचं उत्तर सांगितलं नव्हतं.

त्याने नांदेडला राजीनामा दिला. महिन्याभरात त्याच्या जागी तिथे दुसरा माणूस लागलाही. एक एप्रिलला तो आमच्याकडे रुजू झाला. त्याच दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात मी दुसरं पान ठेवलं. प्लांटवर बॉयलरची काहीतरी अडचण होती, लोक त्याला हाका मारत होते. त्याने उभ्यानेच सगळ्यांवर सह्या केल्या. मी "हे नीट वाच" म्हणालो नाही.

पहिली स्लिप मीच काढली. नव्वद हजार त्या स्लिपवर कुठेच नव्हते. कंपनी भरते तो पीएफचा हिस्सा, बेसिक पंचेचाळीस हजारांच्या बारा टक्क्यांनी पाच हजार चारशे, आमच्याकडे पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटीचे महिन्याला दोन हजार एकशे पासष्टही त्यात. ती पाच वर्षं टिकलं तर मिळते. विमा हप्त्याचे हजार. आणि नऊ हजार 'कामगिरी भत्त्याचे', जे वर्ष संपल्यावर कंपनीचं ठरलेलं उद्दिष्ट गाठलं तरच मिळणार. एवढं बाजूला गेल्यावर बेसिक, घरभाडं भत्ता आणि विशेष भत्ता मिळून स्लिपच्या डाव्या बाजूला बहात्तर हजार चारशे पस्तीस उरले. उजव्या बाजूला त्याच्या स्वतःच्या पीएफचे पुन्हा पाच हजार चारशे, व्यवसाय कराचे दोनशे, इन्कम टॅक्सचे दोन हजार पाचशे पन्नास. खाली हातात येणारी रक्कम : चौसष्ट हजार दोनशे पंच्याऐंशी.

हिंगोलीत त्याने नऊ हजारांची खोली घेतली होती. म्हणजे नांदेडपेक्षा त्याच्याकडे कमीच उरत होते.

तो माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला. आधी त्याला वाटलं की काही दिवस गैरहजेरी लागली असेल. मी एकेक ओळ समजावली. भाड्याची पावती आणून दिली तर टॅक्स कमी होईल का, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की घरभाड्याची सूट जुन्या पद्धतीत मिळते, नव्यात नाही, आणि मी दोन्हीकडून करून बघितलं तर जुन्या पद्धतीत त्याचा टॅक्स उलट वाढत होता. मग त्याने पीएफबद्दल विचारलं. नांदेडला पंधरा हजारांच्या मर्यादेवर कापायचे, महिन्याला अठराशेच. इथेही तसंच करता येईल का, असं म्हणाला. मी मालकांकडे गेलो. मालक म्हणाले की आपल्याकडे सगळ्यांचा पूर्ण बेसिकवर जातो, एकासाठी बदललं तर उद्या रांग लागेल.

परत येऊन मी म्हणालो, "पैसे कुठे जात नाहीत रे. पीएफ तुझाच आहे. दोन्ही हिस्से मिळून महिन्याला दहा हजार आठशे तुझ्या नावावर जमून राहिले."

त्याने स्लिपवरच्या पीएफच्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझे हायत, बराबर. पण पोरीचं कॉलेज सप्टेंबरात मागतंय, मी म्हातारा झाल्यावर न्हाई."

एवढं बोलून तो प्लांटवर गेला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तो मला 'तुमी' म्हणायला लागला. कामाचं बोलायचा, नेमकं आणि नीट. डबा मात्र मशीनवरच्या लोकांबरोबर खायचा.

सप्टेंबर जवळ आला तशी त्याची धावपळ मला दिसत होती. शैक्षणिक कर्जासाठी तो दोन बँकांत गेला. ते कॉलेज त्यांच्या यादीत नव्हतं. वैयक्तिक कर्ज मागितलं तर नोकरीला वर्षही झालं नाही म्हणून थांबायला सांगितलं. नांदेडच्या कंपनीला फोन केला, जागा नव्हती. पीएफमधून काढता येण्यासारखं आधीच काढून झालं होतं. मालकांकडे त्याने कामगिरी भत्त्यातले निम्मे आगाऊ मागितले. मालक म्हणाले की तो भत्ता अजून मिळवलेलाच नाही, तर आगाऊ कसला द्यायचा.

मी पन्नास हजार घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिने पाणी दिलं, बसा म्हणाली. तो आला, पाकीट त्याने हातातही घेतलं नाही. "हे घेतले तर आपलं मिटलं असं तुमाला वाटंल," तो म्हणाला. "तसं न्हाई वाटू द्यायचं मला."

त्याची बायको आत गेली. तिला सगळं माहीत होतं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. पाकीट खिशात घालून मी निघालो.

कॉलेजने दोनदा मुदत वाढवून दिली, तिसऱ्यांदा दिली नाही. दिवाळीच्या आधी पोरगी सामान घेऊन परत आली. एक वर्ष पास होऊन, चांगल्या मार्कांनी. हे मला प्लांटवरच्या फिटरकडून कळलं.

मार्च संपला. त्या वर्षी हळदीचे भाव वरखाली झाले, निर्यातीच्या दोन ऑर्डरी रद्द झाल्या, कंपनीचं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. एक लाख आठ हजारांच्या भत्त्यातले तीस टक्के मंजूर झाले, तेही टॅक्स कापून. पुढच्या वर्षापासून सरकारने करमुक्त मर्यादा वाढवली आणि त्याच्या स्लिपवरची इन्कम टॅक्सची ओळ शून्य झाली. एप्रिलमध्ये मी ती स्लिप त्याच्या हातात दिली तेव्हा त्याने घडी करून खिशात ठेवली. उघडून बघितली नाही. जूनमध्ये त्याने राजीनामा दिला आणि नांदेडजवळच्या एका छोट्या कारखान्यात गेला. पाच वर्षं झाली नव्हती, त्यामुळे ग्रॅच्युइटीच्या नावाने पॅकेजात धरलेले पैसेही कंपनीकडेच राहिले. हिशेबाच्या कागदावर ते मीच लिहिलं.

मी अजून तिथेच आहे. मध्ये एका उमेदवाराला मी हातात येणारा खरा आकडा आधीच सांगितला. तो आला नाही. मालकांनी मला बोलावून विचारलं की काहून सांगितलं. मी म्हणालो, चुकून निघालं तोंडातून. मुद्दाम सांगितलं, असं म्हणायची हिंमत तेव्हाही झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बायकोचा खांदा आखडला म्हणून तिला नांदेडच्या एका दवाखान्यात नेलं. नाव लिहायच्या काउंटरवर मित्राची पोरगी होती. आठ हजारांवर लागली होती, बाहेरून बीए करत होती. तिने मला ओळखलं, "काका, बसा" म्हणाली. आमचा नंबर लवकर लावून दिला. बायकोला आत नेताना ती म्हणाली, "काकू, हात असा धरा, खांद्यावर वजन येऊ देऊ नका," आणि हात कोपरातून कसा उचलून धरायचा ते दाखवलं. अगदी बरोबर दाखवलं, डॉक्टरांनीही नंतर तसंच सांगितलं.

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. तिच्या वडिलांबद्दल विचारावं असं फार वाटलं. तिने दोनदा माझ्याकडे बघितलं, मी दोन्ही वेळा भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघितलं. निघताना तिने पावती दिली आणि पुढच्या आठवड्याची तारीख लिहून दिली. त्या तारखेला मी बायकोबरोबर भाच्याला पाठवलं.