मथुराकाकूंचं विलायती पार्सल

नेरच्या कापूस बाजारात पंजाबरावांना मान होता तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे त्यांची अडत मोठी, आणि दुसरं म्हणजे त्यांना इंग्रजी वाचता येत होतं. किती येत होतं ते कुणी तपासलं नव्हतं. मुंबईहून कापसाच्या भावाची तार आली की सगळे अडते त्यांच्या गादीभोवती जमायचे. पंजाबराव कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवायचे, ओठ हलवायचे आणि आकडा बोलायचे. मग त्या आकड्यावर गाड्या उभ्या राहायच्या किंवा वळायच्या.

मथुराकाकू त्यांची बायको. त्यांना कुठल्याच भाषेतलं अक्षर येत नव्हतं, पण नवऱ्याच्या चेहऱ्याची बाराखडी त्यांना पाठ होती. त्यांचा एकुलता एक मुलगा सुदाम माझ्या वर्गातला. तो विलायतेत मँचेस्टरला गिरणीत मिस्त्री झाला आणि तिथल्याच एका गोऱ्या मुलीशी लग्न करून बसला. तेव्हापासून पंजाबरावांनी घरात त्याचं नाव घ्यायला बंदी केली होती. त्याची पत्रं ते न फोडताच चुलीत टाकत. म्हणून सुदाम पत्रं माझ्या पत्त्यावर पाठवायचा. मी बाजारात तोलाईच्या काट्यावर चिठ्ठ्या लिहायचो. काकू दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन यायच्या, तेव्हा पोत्यांच्या आडोशाला मी पत्र वाचून दाखवायचो.

एकसष्टच्या उन्हाळ्यात आलेल्या पत्रात सुदामनं विचारलं होतं, ‘आई, मी पाठवलेलं पार्सल तू घेतलं काहून नाही? ते शेरा मारून परत आलं.’

काकू म्हणाल्या, “फागणात पोस्टाचा एक इंग्रजी कागद आलता, धर्मपाल. हे वाचून म्हणे, मुंबईले जाऊन शंभर रुपये भरा लागते, नाही भरले तं पोलीस येते. मी रडून घेतलं अन् जाऊ देलं.”

“आता भांडा त्यांच्याशी,” मी म्हणालो.

“भांडून काय भेटते? भांडण घरात राह्यते.”

त्या डबा उचलून गेल्या. घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. पाच-सहा महिने त्या नवऱ्याला गरम भाकर वाढत राहिल्या. मला तेव्हाच पंजाबरावांची काळजी वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला ती वाटली नाही.

सुदामनं पार्सल पुन्हा पाठवलं आणि नोव्हेंबरात पोस्टाचा दुसरा इंग्रजी कागद आला. पार्सल काकूंच्याच नावाचं, म्हणून पोस्टमननं तो काकूंच्याच हातात दिला. पंजाबराव बाजारात होते. काकू तो पदराच्या गाठीत बांधून माझ्याकडे आल्या.

“मराठीत लिहून दे. मोठ्या अक्षरात.”

मी लिहायला बसलो. पहिल्याच ओळीला अडलो. ‘जकात’ असं नुसतं लिहिलं तर आपल्याकडे माणसाला गावाबाहेरचा नाका आठवतो. म्हणून लिहिलं, ‘परदेशातून आलेल्या भेटीच्या पार्सलावर सरकारने बसवलेली आयात जकात.’ मग रक्कम लिहिली: साडेअठरा रुपये, वर टपाल खात्याची फी. पुढे: ही रक्कम नेरच्या पोस्टात खिडकीवर रोख भरायची आणि हा कागद सोबत आणायचा. पैसे भरून पावती घेतल्यावरच पार्सल मिळेल, त्याआधी ते फोडता येणार नाही. जिच्या नावे पार्सल आहे तिने स्वतः सही किंवा अंगठा करावा, दुसरं कुणी येणार असेल तर तिने लेखी अधिकार दिलेला असावा. शेवटी तारीख. मी लिहिलं, ‘बावीस नोव्हेंबरपर्यंत.’

वाचून दाखवलं. काकूंनी विचारलं, “कागदावर बावीसच आहे का?”

“चोवीस आहे. पण आपलं दोन दिवस आधी लिहिलं. तुम्ही उशीर करू नका म्हणून.”

“खोड ते.”

“काकू, तुमच्या भल्यासाठी...”

“माह्या भल्यासाठी लोकायनं लय वाचून दाखवलं. जे आहे ते लिही. उद्या एक आकडा इकडचा तिकडे निंघाला तं हे म्हणन, पोट्ट्याले इंग्रजी येत नाही. मंग मी कायच्या भरोशावर उभी राहू?”

मी सगळा कागद नव्यानं लिहिला. काकू तो आणि मला घेऊन पोस्टमास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिली आणि बरोबर आहे म्हणाले. पैसे काकूंकडे होते. बोंडं वेचून त्यांनी साठवलेले. खिडकी समोरच होती. मला वाटलं, भरतील आणि मोकळ्या होतील.

भरले नाहीत. “गुरुवारच्या बाजारी पाहू,” म्हणाल्या.

“गुरुवारी तेवीस तारीख, काकू. एकच दिवस उरते. चुकलं तं पार्सल पुन्हा जाईन.”

“मले मोजता येते.”

तीन रात्री मला झोप आली नाही. त्या मात्र रोज डबा घेऊन येत आणि पंजाबराव जेवताना समोर बसून माशा वारत.

गुरुवारी बाजार फुलला होता. गादीभोवती सगळे अडते तारेची वाट पाहत होते. काकूंनी डबा ठेवला आणि पदरातून इंग्रजी कागद काढला.

“काहो जी, पोस्टातून हे आलं. तुमच्याशिवाय कोण वाचन?”

पंजाबराव आधी दचकले. पण चारचौघात इंग्रजीचा कागद परत करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. चष्मा नाकावर उतरला, ओठ हलले. “तेच आहे मागचं. मुंबईले जाऊन शंभर रुपये भरा म्हणते. नाही तं खटला.”

“नीट पाह्यलं ना जी?”

“आता मले इंग्रजी शिकवतं का तू?”

अडते हसले. काकूही हसल्या. मग दुसरा कागद काढून त्यांनी रामलालच्या हातात दिला. रामलाल म्हणजे पंजाबरावांचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार, शेजारच्या गादीचा. “भाऊजी, तुम्हाले मराठी येते. हे त्याचंच मराठी आहे. पोस्टमास्तरनं ताडून देलं. जोरात वाचा.”

रामलाल वाचू लागला. नेरचं पोस्ट, साडेअठरा रुपये, अंगठा, चोवीस नोव्हेंबर. वाचता वाचता त्याचा आवाज हळू झाला. कागद खाली ठेवून तो म्हणाला, “पंजाबराव, यात मुंबई कुठं आहे?”

“त्या पोट्ट्यानं काहीतरी...”

“पोस्ट हाकेवर आहे. मास्तरले बोलावू?”

पंजाबरावांनी इंग्रजी कागदाची घडी घातली. रामलाल फार हळू बोलला. “परवाची तार तुम्हीच वाचली. त्याच भावात मी माल सोडला.”

आता कुणी हसत नव्हतं. सगळे पंजाबरावांच्या चष्म्याकडे पाहत होते. त्यांनी तारा खोट्या वाचल्या होत्या की नाही, देव जाणे. मला वाटतं, नसतील. पण काकूंना ते सिद्ध करायचंच नव्हतं.

“उद्या शेवटला दिवस आहे,” त्या म्हणाल्या. “गल्ल्यातून पैसे काढा.”

शुक्रवारी सकाळी खिडकीसमोर पंजाबराव उभे होते. “माह्याच घरचं आहे, द्या,” म्हणाले. कारकून म्हणाला, “तुमच्या नावचं नाही. बाईचं लेखी द्या.” त्यांनी वळून पाहिलं. काकू मागं बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. कारकुनानं रक्कम मोजून घेतली, पावती फाडली, तेव्हा कुठं त्या सावकाश आल्या आणि त्यांनी अंगठा उमटवला.

पार्सलात काकूंसाठी लोकरीचं जाकीट निघालं, नातीचा फोटो निघाला आणि तपकिरी मफलर. मफलरीला चिठ्ठी टाचलेली: ‘बाबांसाठी.’ काकूंनी मला ती मोठ्यानं वाचायला लावली. पंजाबरावांनी हात अर्धा पुढं केला. काकूंनी मफलर झटकली आणि स्वतःच्या डोक्याला गुंडाळली.

त्या दिवसापासून बाजारातल्या तारा पोस्टमास्तर वाचून देतात. पंजाबरावांची अडत चालू आहे, गादीभोवतीची गर्दी मात्र रामलालकडे गेली. आणि थंडी पडली की मथुराकाकू डोक्याला ती पुरुषी मफलर बांधून भर बाजारातून डबा घेऊन येतात. नवा माणूस विचारतोच, “काकू, विलायती दिसते. कोणाची जी?”

“आमच्या ह्यायची,” काकू गादीकडे बोट दाखवून सांगतात. “मांगितली तं देईन.”

पंजाबराव खाली मान घालून भाकर मोडतात. अजून त्यांनी मागितलेली नाही.