तारामतीबाईंचं गोंदण

मुखेडच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आणि दस्तगीरचा फोटो स्टुडिओ यांच्यात एकच पत्र्याची भिंत आहे. त्यामुळं त्याच्याकडं कोण आलं, काय बोललं, हे ऐकायला मला कान लावावा लागत नाही. लग्नाच्या शूटिंगमध्ये दस्तगीरचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं तो स्वतः सांगतो. मीही मान डोलावतो, कारण चहा तोच पाजतो.

त्याच्या स्टुडिओत मागच्या भिंतीला एक हिरवा पडदा आहे. त्याच्यापुढं माणूस बसवायचा, कॉम्प्युटरवर पडदा उडवायचा आणि मागं काश्मीर लावायचं. जन्मात नांदेडच्या पुढं न गेलेली कितीतरी माणसं दस्तगीरनं बर्फात उभी केली आहेत.

आमच्या गल्लीतल्या किशनरावांच्या आई, तारामतीबाई, गेल्या दिवाळीआधी त्याच्याकडं आल्या. नातीचं, किशनरावांच्या ऋतुजाचं, लग्न उन्हाळ्यात लातूरला व्हायचं होतं. म्हातारीचे गुडघे गेलेले, तेव्हा तिचा आशीर्वाद आधीच भरून ठेवायचा आणि मांडवातल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचा, असं ठरलं. दस्तगीरनं विचारलं, "आजी, मागं काय लावू? ताजमहाल लावू?"

"त्या थडग्याचं काय करू बाबा? आपलं शेत लाव. ज्वारी हुरड्याला आलेली."

उभं राहवत नव्हतं म्हणून खुर्ची दिली. टेकायला आधार हवा म्हणून ती पार पडद्याला चिकटवली. दस्तगीरला ठाऊक होतं की माणूस पडद्याच्या जवळ बसला की पडद्याचा हिरवा उजेड अंगावर उडतो. पडदा उडवला तरी तो उजेड माणसाच्या कडेला राहतो. पण म्हाताऱ्या माणसाला किती सरकवायचं?

मार्गशीर्षात तारामतीबाई झोपेतच गेल्या. मुलगी सिंधु तेव्हा सुरतेत होती. ती पोचली तेव्हा चितेची राख झाली होती. आईचं तोंड तिला दिसलं नाही ते नाहीच.

दहाव्याला फोटो लागणार होता. दुसरा धड फोटो घरात नव्हता, म्हणून किशनरावांनी त्याच शूटिंगमधला काढून मागितला. दस्तगीरनं पडदा उडवला, तर म्हातारीचे पांढरे केस शेवाळ धरल्यासारखे हिरवे, पदराची कड हिरवी, जबड्याला हिरवी रेघ. हे घालवायची त्याची एक ठरलेली रीत होती. जिथं हिरवा रंग लाल-निळ्याच्या वर चढलाय, तिथं तो खाली दाबायचा आणि रिकाम्या जागी आजूबाजूचा रंग भरायचा. हे त्यानं सगळ्या अंगावर एकदम चालवलं. नवऱ्या-नवरींना तो असंच करतो. केस पांढरेशुभ्र झाले. फ्रेम करून, हार घालून नदीवर नेली.

कावळा काही शिवला नाही. दुपार टळली. किशनरावांनी ऋतुजाचं लग्न थाटात लावीन म्हणून कबूल केलं, बहिणीला सांभाळतो म्हणून सांगितलं, तरी पिंडाजवळ कावळा येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मी तिथंच होतो. माझं मत विचाराल तर त्या दिवशी नदीवर तीन घरची पिंडं होती आणि कावळ्यांची पोटं भरलेली होती. पण सिंधु फोटोकडं एकदा बघून जी तोंड फिरवून बसली, ते मी विसरू शकलेलो नाही.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा सिंधु आणि किशनराव आशीर्वादाची फिल्म बघायला स्टुडिओत आले. दस्तगीरनं मलाही हाक मारली, कौतुक करायला माणूस लागतो ना. फिल्म लागली. मागं ज्वारी डोलत होती, पुढं तारामतीबाई बोलत होत्या. "ऋतुजा, सुखानं नांद बाई." आवाज असा की म्हातारी खोलीतच बसलीय असं वाटावं.

सिंधु ताठ बसली होती. संपल्यावर म्हणाली, "ही माझी आई न्हाई."

"असं काय करतीस सिंधु," किशनराव म्हणाले. "आवाज ऐकला न्हाईस का?"

"आवाज तिचा हाय. दहाव्याला फोटो बघितला तवापासून मला वाटून राहिलंय, ही दुसरीच कोणी बाई हाय. आई सपनात येती, दादा. तोंडावर पदर घेऊन उभी ऱ्हाती. म्हणलं, आई पदर काढ. काढत न्हाई." मग ती उठून कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली आणि हळूच बोलली, "दस्तगीरभाऊ, आईचं गोंदण कुठं हाय?"

आम्ही तिघांनी बघितलं. कपाळ कोरं होतं. हनुवटी कोरी होती. ती बाई आयुष्यभर आमच्या गल्लीत वावरली, आणि तिच्या कपाळावरची तुळस गेल्याचं एकालाही कळलं नव्हतं. पोटच्या पोरालासुद्धा.

दस्तगीरचा चेहरा उतरला. गोंदणही हिरवं. कडेचा उजेड कुठला आणि बाईची खूण कुठली, हे त्या दाबणाऱ्या रीतीला काय कळणार? तिनं दोन्ही पुसलं आणि वर कातडी भरली.

"आई म्हणायची," सिंधु बोलत होती, "डाग-दागिनं हितंच ऱ्हात्यात, गोंदण तेवढं संगं येतं. तिच्याबरोबर तेवढंच गेलं, अन् तुम्ही तेच काढून घेतलं."

दस्तगीरनं खुर्ची कॉम्प्युटरकडं ओढली. त्यानं माऊसनं त्या हिरवं दाबायच्या रीतीपुढची टिक काढून टाकली. ज्वारी तशीच राहिली, पण म्हातारीभोवती हिरवी कड पेटली, केस हिरवे झाले, आणि त्या हिरवटपणातून कपाळावर तुळस उगवली. हनुवटीवर ठिपके आले. सिंधुनं काचेवर बोट ठेवलं आणि तिला रडू कोसळलं. इतके महिने ती रडलीच नव्हती, असं किशनराव मागून म्हणाले.

पुढचे दोन दिवस दस्तगीरनं दुसरं काम घेतलं नाही. केसांची आणि पदराची कड तेवढी धुतली. चेहऱ्याचा आतला भाग वेगळा आखून तिथं मूळचं चित्र ठेवलं, आणि मान हलेल तशी ती आखणी हलवत नेली. पण हनुवटीचा एक ठिपका अगदी जबड्याच्या रेघेवर होता. तिथं पडद्याचं हिरवं आणि सुईचं हिरवं एकात एक मिसळलेलं.

"ताई, ही कड काढली तर ठिपका जातो," त्यानं फोनवर सांगितलं. "ठिपका ठेवला तर कड दिसते. लोक हसतील मला."

"हसू द्या," सिंधु म्हणाली.

लातूरच्या मांडवात तारामतीबाई जबड्याला हिरवी रेघ घेऊन बोलल्या. कोणी हसलं नाही. त्याच आठवड्यात सिंधुचा फोन आला, तो मी भिंतीतून ऐकला. दस्तगीरनं फोनचा आवाज मोठा ठेवला होता. "भाऊ, आई आली होती. तोंडावर पदर न्हवता."

घरच्या भिंतीवर आता नवी फ्रेम आहे. जुनी घेऊन किशनराव स्टुडिओत आले. फाडवत नाही, जाळवत नाही. तिच्यापुढं दर अमावास्येला ताट ठेवलेलं. ही बाई कोण, म्हणून कोणी विचारलं तर नावही सांगता येईना. दस्तगीरनं ती ठेवून घेतली.

ती त्याच्या कोपऱ्यात आहे, कोऱ्या कपाळाची. मी भुताखेताला मानत नाही, पण तिच्याकडं पाठ करून मी चहा पीत नाही. परवा बघितलं, तर दस्तगीर चहाची एक बशी तिच्यापुढं ठेवत होता.

"आता हे काय?" मी विचारलं.

"मीच बनवली ना तिला," तो म्हणाला. "सहा महिनं लोकांनी जेवायला घातलं. आता एकदम उपाशी कसं ठेवू?"