'बाबा' नावाची लिंक

वसमतच्या आमच्या हळद कंपनीच्या ब्लॉगवर प्रियंका दर शनिवारी पोस्ट लिहायची. ती पोस्ट कुठून वाचली जाते हे कळावं म्हणून लिंकेच्या शेवटी यूटीएमचं, म्हणजे खुणेच्या अक्षरांचं, शेपूट जोडायला मीच तिला शिकवलं. व्हॉट्सॅप, फेसबुक, बाजारातलं पोस्टर, प्रत्येकाचं शेपूट वेगळं. कुणी ती लिंक दाबली की रिपोर्टात त्या नावापुढे भेट दिसते.

पोरगी हुशार, पण हट्टी. तिनं आणखी एक शेपूट बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'बाबा'. ती लिंक फक्त ग्यानोबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, मोबाईलवर जायची. तिनं त्यांच्या मनाविरुद्ध शौनकशी लग्न केल्यापासून शिरड शहापूरचे हे गृहस्थ तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मेसेज नुसता उघडला तरी त्याखालच्या खुणा निळ्या होतात, लिंक मात्र मुद्दाम दाबावी लागते, असं ती म्हणायची.

आणि दर शनिवारी 'बाबा'पुढे एक भेट दिसायची. ती त्या आकड्याकडे बघत चहा गार करायची. मग पोस्टही त्यांच्यासाठीच होऊ लागल्या, हळद कशी शिजवावी, कशी वाळवावी, सगळं बाबांच्या पद्धतीनं. मी बजावलं, शेपूट लिंकेला असतं, माणसाला नसतं. कुणी दाबली ते त्यात कळत नाही. तिनं मलाच झापलं. बाबा आपला फोन कुणाला देत नाहीत म्हणे.

दिवाळीला शौनकनं गावी जाऊ म्हटलं, तर ही अडून बसली. बाबा वाचून राहिलेत, आता आपणहूनच बोलावतील, म्हणाली. बाप तशी लेक, दुसरं काय.

पौषात ग्यानोबा शेतातच वारले.

आम्ही कंपनीतले शिरड शहापूरला भेटायला गेलो तेव्हा प्रियंका भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिची माय, सखुबाई, मांडीवर नवऱ्याचा मोबाईल. माय म्हणाली, "ह्या शनिवारी काहून न्हाई पाठवलं, बाई?"

प्रियंकानं मान वर केली.

"तुझं नाव दिसलं की ते फोन माझ्याकडं सरकवायचे. मीच दाबायची. मला कुठं वाचता येतं? पण खाली तुझा फोटू निघतो."

"त्यांनी एकदा बी न्हाई पाह्यलं?"

"न्हाई गं."

माझं काळीज तुटत होतं, आणि आपण बरोबर ठरलो याचीच चीड येत होती. सखुबाईनं लेकीचा हात हातात घेतला.

"मला वाटायचं, दर शनिवारी पाठवून राहिली, तर एखाद्या शनिवारी स्वतःच येईल. मी वाट पाहून राहिले होते, बाई."

प्रियंका तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.